टाकी डोक्यावर, तरी शॉवर मंद: आमच्या घरातल्या कामाच्या नोंदी

४ जानेवारी २०२५, शनिवार

आमचं घर सोलापुरात, १९९४ सालचं, तीन मजली. तळमजल्यावर सासू-सासरे, पहिल्यावर दीर-जाऊ, आणि दुसऱ्यावर म्हणजे गच्चीच्या लगेच खाली आम्ही. नळाला पाणी चार-पाच दिवसांआड येतं. ते अंगणातल्या हौदात साठवायचं, मोटर लावून गच्चीवरच्या हजार लिटरच्या टाकीत चढवायचं आणि तिथून तिन्ही मजल्यांना सोडायचं. टाकीला सगळ्यांत जवळ आम्हीच, आणि सगळ्यांत वाईट शॉवरही आमचाच. तळमजल्यावर सासऱ्यांच्या शॉवरखाली पाठ शेकून निघते. आमच्याकडे डोक्याला लावलेला शांपू धुवून निघायला दहा मिनिटं उभं राहावं लागतं, आणि खाली कोणी वॉशिंग मशीन लावलं की धार बंदच पडते.

डिसेंबरात मी एक चूक करून बसले आहे, ती आधी सांगते. शॉवरच खराब असेल असं समजून आठ इंची गोल शॉवर आणला, २,२०० रुपयांचा. तो लावल्यावर मधल्या काही भोकांतून पाणी ठिबकलं आणि कडेची भोकं कोरडीच राहिली. नंतर डबा नीट वाचला, तर कमीत कमी एक बार दाब हवा असं लिहिलेलं. तो काढून जुना लहान शॉवर परत लावला.

आज मोजमापं घेतली. आमच्या बाथरूमच्या फरशीपासून गच्चीच्या पृष्ठभागापर्यंत ३०५ सेंटिमीटर. गच्चीवर टाकीखाली विटांचा एक फुटाचा ओटा. टाकीतून पाणी बाहेर पडतं ते निपल टाकीच्या बुडापासून तीन इंच वर. म्हणजे निपल फरशीपासून साधारण ३४३ सेंटिमीटर उंचीवर आलं. शॉवरचं तोंड आहे २१३ वर. दोहोंत १३० सेंटिमीटरचा फरक. टाकी अर्धी भरलेली असताना त्यात ५० सेंटिमीटर पाणी असतं, ते वर धरलं तर १८०.

आमच्या वाट्याची उंची एवढीच, १८० सेंटिमीटर. दहा मीटर उंच पाण्याचा दाब म्हणजे जवळपास एक बार, तेव्हा आमच्याकडे एक बारच्या पाचव्या हिश्श्यापेक्षाही कमी. सासऱ्यांचा शॉवर आमच्यापेक्षा दोन मजले, म्हणजे ६१० सेंटिमीटर खाली आहे. त्यांना त्याच टाकीतून ७९० मिळतात, आमच्या चौपटीहून जास्त. टाकी जवळ असल्याचा दाबाला काहीच उपयोग नाही. पाण्याची पातळी शॉवरच्या किती वर आहे, एवढ्यावरच सगळं ठरतं.

सासऱ्यांचं म्हणणं होतं, दोन हजार लिटरची टाकी घ्या, वजन वाढेल तसा जोर वाढेल. मी त्यांना कागदावर काढून दाखवलं की टाकी रुंद झाली तर पाणी जास्त दिवस पुरेल, पण उंची तेवढीच राहिली तर दाबही तेवढाच राहील.

शेवटी बादली लावली. १५ लिटरची बादली आमच्या शॉवरखाली भरायला ५ मिनिटं ४५ सेकंद लागली, म्हणजे मिनिटाला २.६ लिटर. खाली सासऱ्यांकडे तीच बादली दोन मिनिटांच्या आत भरली.

५ जानेवारी, रविवार

आज प्रश्न हा की १८० सेंटिमीटर उंची आहे, तर त्यातली शॉवरपर्यंत पोचते किती. दुकानातून ३५० रुपयांचं प्रेशर गेज आणलं होतं, शून्य ते सात किलोचं. ते नळाला लावलं तर काटा जागचा हललाच नाही. एवढ्या कमी दाबाला ते निरुपयोगी. पैसे गेले.

मग आठवलं, गवंडी लेव्हल काढायला पारदर्शक नळी वापरतात. दहा मीटर नळी आणली. एक टोक शॉवरच्याच लाइनवर असलेल्या बाथरूमच्या नळाला क्लिपने घट्ट बसवलं. नळी भिंतीला लागून वर नेली, व्हेंटिलेटरमधून बाहेर काढली आणि गच्चीवर टाकीच्या अंगाला बांधली. वरचं टोक उघडंच. नळ सोडला. नळीतलं पाणी चढत गेलं आणि टाकीतल्या पाण्याच्या बरोबर रेषेत येऊन थांबलं. सुरुवातीला ते टाकीच्या पातळीपेक्षा बोटभर वर दिसत होतं. कारण नळीत हवेचे बुडबुडे अडकले होते. नळी झटकून ते काढले तशी पातळी जुळली.

नंतर मुलाला शॉवर पूर्ण उघडायला सांगितला. गच्चीवरच्या नळीतलं पाणी डोळ्यांदेखत खाली सरकलं, कठड्याखाली गेलं आणि दिसेनासं झालं. धावत खाली आले. बाथरूममध्ये व्हेंटिलेटरच्या चौकटीपाशी ते थांबलेलं होतं. शॉवरच्या तोंडापासून मोजलं तर फक्त २२ सेंटिमीटर वर. १८० पैकी १५८ सेंटिमीटर वाटेतच खाल्ले जात होते, तेही मिनिटाला अडीच-तीन लिटरच्या प्रवाहात.

त्याच वेळी खाली सासूबाईंना अंगणातला नळ सोडायला सांगितला. नळीतलं पाणी शॉवरच्याही खाली गेलं, शॉवरची धार तुटली आणि शॉवरमधून हवा आत ओढल्याचा सूं सूं आवाज यायला लागला. खालचा नळ बंद केल्यावर दहा-बारा सेकंदांनी फुरफुरत पाणी परत आलं.

हे पाहून मला पहिल्यांदा नीट कळलं की जवळचाच मजला का मार खातो. सगळ्यांची लाइन एकच आहे, १९९४ ची एक इंची जीआय, म्हणजे जस्त चढवलेली लोखंडी. त्या लाइनमध्ये दीड मीटर उंचीइतका दाब घासून वाया गेला तर सासऱ्यांकडे सहा मीटरच्या वर उरतो, त्यांना पत्ताही लागत नाही. आमच्याकडे मुळात होतेच १८०. पाइपातला दोष सगळ्यांना सारखाच आहे, पण तो आम्हालाच जाणवतो.

एक सावधगिरी इथेच लिहून ठेवते. सकाळचा आकडा मी टाकी भरलेली असताना घेतला आणि संध्याकाळचा अर्धी असताना, आणि दोन्ही जुळेनात म्हणून तासभर डोकं धरून बसले. टाकी काठोकाठ आणि तळाला गेलेली यांतच एक मीटरचा फरक पडतो. वर दिलेले आकडे सगळे टाकी अर्धी असतानाचे आहेत, आणि पुढचे सगळे आकडेही तसेच घेणार.

८ जानेवारी, बुधवार

प्लंबर मामा येऊन बघून गेले. त्यांनी दोन उपाय सांगितले. एक, चार फुटी लोखंडी स्टँड करून टाकी वर घ्या, ११,००० च्या आसपास. दुसरा, टाकीला प्रेशर पंप लावा, त्याचाही खर्च साधारण तेवढाच.

स्टँडचा हिशेब रात्री मांडला. चार फूट म्हणजे १२० सेंटिमीटर वाढतील, १८० चे ३०० होतील. पण उंची वाढते त्या प्रमाणात धार वाढत नाही, वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. २.६ लिटरचे फार तर साडेतीन लिटर झाले असते. शिवाय भरलेली टाकी म्हणजे एक टनाच्या वर वजन, ते चार पायांवर. विटांच्या ओट्यावर ते पसरलेलं आहे. स्टँडचे पाय तुळईवर किंवा कॉलमवर नेमके आले नाहीत तर तीस वर्षांच्या स्लॅबवर ते टोचणार. आमच्याकडे घराचा नकाशा नाही, तुळया कुठे आहेत ते खात्रीने सांगता येत नाही. ते नको.

पंपाला माझी हरकत वेगळी. जी लाइन अडलेली आहे तिच्यातूनच पंप पाणी ढकलणार. जुनी लाइन, जुने सांधे, त्यावर दाब वाढवायचा, आणि वीज गेली की पुन्हा तेच. आधी १५८ सेंटिमीटर कुठे जातात ते शोधायचं ठरवलं.

११ जानेवारी, शनिवार

टाकीच्या निपलाला लागूनच पितळी गेट व्हॉल्व्ह आहे. मामांनी त्याची चाकी फिरवली, ती नुसतीच फिरत राहिली. उघडण्याच्या बाजूलाही घट्ट होईना, बंद करण्याच्याही. टाकी रिकामी करून व्हॉल्व्हचं डोकं खोललं. आतली पाचर दांड्यापासून सुटून खाली पडलेली होती आणि भोकाचा अर्ध्याहून जास्त भाग झाकून बसली होती. वरून पाहिलं तर व्हॉल्व्ह पूर्ण उघडा. किती वर्षं असं चाललं असेल, कोण जाणे.

त्या जागी एक इंची फुल बोअर बॉल व्हॉल्व्ह बसवला, ६५० रुपयांचा. बॉल व्हॉल्व्ह घेताना उघडा करून त्यातून आरपार पाहा. स्वस्तातल्या व्हॉल्व्हचं आतलं भोक पाइपापेक्षा चांगलंच लहान असतं. मामांची मजुरी ५००.

टाकी परत अर्धी भरून नळी पाहिली. शॉवर चालू असताना २२ च्या जागी ३८ सेंटिमीटर. बादली ४ मिनिटं २५ सेकंदांत, मिनिटाला ३.४ लिटर. सुधारणा खरी, पण १८० मधले १४० अजूनही गायब.

मामा म्हणाले, "वहिनी, आता जत्रा झाल्यावर." सिद्धेश्वरांची गड्ड्याची जत्रा सुरू होते आहे, त्यामुळे आठवडाभर काम बंद.

१८ जानेवारी, शनिवार

आज गच्चीवरून आमच्या बाथरूमकडे उतरणारा अर्धा इंची जीआयचा फाटा कापला. मुख्य लाइन एक इंची, आणि कठड्याबाहेर टी काढून आमच्यासाठी अर्धा इंची फाटा. १९९४ मध्ये लोकांनी विचार केला असेल की जवळच तर जायचंय, अर्धा इंच पुरे. खरं तर जिथे उंची कमी तिथेच पाइप मोठा हवा होता.

कापलेला वीतभर तुकडा हातात घेऊन उन्हात धरला. बाहेरून पाइप ठीकठाक, रंगही शिल्लक. आत मात्र तपकिरी, खडबडीत गाठी चारही बाजूंनी वाढलेल्या, आणि मध्ये पेन्सिल जेमतेम जाईल एवढं वाकडंतिकडं भोक. मुलाने पेन्सिल घालून पाहिली, ती चार बोटं जाऊन अडकली. स्क्रू ड्रायव्हरने टोकरलं तर बाहेरचा थर गंजाचा निघाला आणि आत पांढरट क्षार. उन्हाळ्यात आम्ही बोअरचं जड पाणीही हौदात घेतो, ते त्यात बसलेलं आहे.

इतकी वर्षं आम्ही शॉवरची भोकं पिनेने साफ करत बसलो होतो.

ठरलं असं: दुसऱ्या मजल्याला टाकीतूनच स्वतंत्र लाइन. मुख्य लाइनवरून फाटा घ्यायचाच नाही. म्हणजे खाली कोणी कितीही नळ सोडले तरी आमच्या पाइपात फरक पडू नये. आणि पाइप एक इंची सीपीव्हीसी, म्हणजे प्लास्टिकचा, थेट बाथरूमच्या भिंतीपर्यंत.

पाइपाची मापं निवडताना केलेला हिशेब इथे देते, कारण दुकानदार पाऊण इंची घ्या म्हणून मागे लागला होता. मिनिटाला १० लिटर पाणी ५ मीटर पाइपातून न्यायचं असेल तर अर्धा इंची सीपीव्हीसीत साधारण ९० सेंटिमीटर उंची खर्च होते. पाऊण इंचीत १५, एक इंचीत ४-५. सांधे आणि एल्बो यांचं वेगळं. ज्याच्याकडे आठ मीटर उंची आहे त्याला ९० सेंटिमीटर गेले तरी चालतात. आम्हाला नाही.

१९ जानेवारी, रविवार

टाकी रिकामी करून आतून घासून घेतली. बुडाजवळ कंपनीने सपाट जागा सोडलेली असते, तिथेच होल सॉने भोक पाडायचं. गोल भागावर पाडलं तर वॉशर नीट बसत नाही आणि ठिबकत राहतं. निपल सव्वा इंची घेतलं आणि त्याला रिड्युसर लावून एक इंची पाइप जोडला. एक इंची निपलचं आतलं भोक हातात घेऊन पाहिलं तर पाइपापेक्षा लहान होतं, म्हणून.

तिथून एक इंची लाइन कठड्यापर्यंत. इथे आमची चूक झाली. जुनी लाइन कठड्याच्या पायाशी असलेल्या भोकातून बाहेर जाते. नवीन भोक पाडलं तर गच्ची आणि कठडा मिळतात तिथला वॉटरप्रूफिंगचा गोलवा फुटेल, पावसाळ्यात गळेल, असं मामांना वाटलं. मलाही पटलं. मग लाइन कठड्यावरून उलटी यू करून पलीकडे डक्टमध्ये उतरवली.

संध्याकाळी टाकी पूर्ण भरून शॉवर सोडला. जुनाच शॉवर, पण धार अशी की मुलगा ओरडला. जाऊबाई वर येऊन पाहून गेल्या. मामांना पैसे देऊन पाठवलं.

२० जानेवारी, सोमवार

सकाळी सातला शॉवर बंद. थेंबही नाही. टाकीत पाणी होतं, अर्ध्याच्या जरा खाली. मोटर लावून टाकी भरली, तरी दहा मिनिटं काही नाही, मग फुरफुर करत धार सुरू झाली. घरातले दोघे बादलीने आंघोळ करून निघाले.

२१ जानेवारी, मंगळवार

तेच. आज टेप घेऊन गच्चीवर बसले. कठड्यावर पाइपाचा सर्वांत उंच भाग गच्चीपासून १०० सेंटिमीटरवर. टाकीचं निपल गच्चीपासून ३८ वर. म्हणजे कठडा ओलांडायला पाण्याला निपलापासून ६२ सेंटिमीटर वर चढायचं आहे. टाकीत निपलाच्या वर ६२ पेक्षा जास्त पाणी असेल तरच ते आपोआप पलीकडे पडणार. कमी झालं की वरच्या वळणात हवा साठते, पाण्याची सलग धार तुटते आणि लाइन कोरडी. पाइप भरलेला असेपर्यंत सायफनसारखं चालतंही, म्हणून काल रात्री उशिरापर्यंत ठीक होतं. पण थोडीशी हवा शिरली की संपलं. दाब आधीच कमी, त्या हवेला ढकलून बाहेर काढायला जोर कुठून येणार.

तळमजल्याच्या लाइनमध्ये असं वळण असतं तरी पलीकडच्या सहा-सात मीटरच्या उतरंडीने हवा ओढून नेली असती. आमच्याकडे ती सोय नाही. टाकीच्या लगेच खालच्या मजल्यासाठी नियम एकच: निपलापासून शॉवरपर्यंत पाइप सतत उतरता हवा, मध्ये कुठेही वर चढायचा नाही.

२५ जानेवारी, शनिवार

मामांना फोन करून सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बरोबर आहे वहिनी, तिथंच हवा धरतीय." कठड्यात गच्चीपासून २५ सेंटिमीटर उंचीवर कोअर कटरने गोल भोक पाडलं. एवढ्या उंचीवर गोलवा संपलेला असतो, त्याला धक्का लागला नाही, आणि निपलापेक्षा ते खाली आहे. पाइप आता निपलापासून कठड्यापर्यंतच १३ सेंटिमीटर उतरतो. भोकात पाइपाभोवती वॉटरप्रूफ सिमेंट भरून बाहेरच्या बाजूने प्लास्टर केलं.

बॉल व्हॉल्व्हच्या पुढे टी टाकून अर्धा इंची व्हेंट पाइप सरळ वर नेला. त्याचं तोंड टाकीच्या झाकणापेक्षा वीतभर उंच ठेवलं, खाली वाकवलं आणि जाळी बांधली. हे तोंड टाकीच्या भरलेल्या पातळीपेक्षा खाली राहिलं तर तिथून पाणी वाहत राहील. व्हेंटचा उपयोग दोन ठिकाणी होतो. लाइन रिकामी होऊन पुन्हा भरताना आतली हवा तिथून निघून जाते, आणि व्हॉल्व्ह बंद करून खाली कोणी नळ उघडला तर लाइनमध्ये ओढ बसत नाही.

कोअर कटरचं भाडं आणि जादा मजुरी मिळून १,३०० रुपये. दोन दिवस बादलीच्या आंघोळी वेगळ्या. रविवारीच भोक पाडलं असतं तर दोन्ही वाचलं असतं.

२६ जानेवारी, रविवार

टाकी अर्धी. नळी परत बांधली. शॉवर पूर्ण उघडल्यावर पाणी शॉवरच्या तोंडापासून १४० सेंटिमीटर वर थांबलं. बादली २ मिनिटं २० सेकंदांत भरली, मिनिटाला साडेसहा लिटर. अंगणातला नळ सोडायला लावला, वॉशिंग मशीन लावायला लावलं, तरी नळीतली पातळी हलली नाही. सासूबाईंनी खालून विचारलं, "आता बंद करू का गं?" इतका वेळ मी नळीकडेच बघत उभी होते.

१८० पैकी ४० सेंटिमीटर अजून जातात. त्यातले बहुतेक बाथरूमच्या भिंतीत २०१६ साली टाकलेल्या तीन मीटर अर्धा इंची पाइपात आणि त्याच्या एल्बोंमध्ये. गच्चीपासून भिंतीपर्यंतच्या नऊ मीटर एक इंची पाइपात पाच सेंटिमीटरही जात नसतील. भिंतीतला पाइप बदलायचा तर टाइल्स फोडाव्या लागतील. फोडणार नाही.

आता गरम पाण्याची बाजू. मिक्सरमध्ये गरम उघडलं की धार बारीक होते. गीझरला जाणारे दोन्ही लवचीक पाइप काढले. बाहेरून अर्धा इंची दिसतात, पण आतल्या रबरी नळीचं भोक करंगळीहून बारीक आणि टोकाचा पितळी तुकडा त्याहून अरुंद. त्या जागी कडक सीपीव्हीसीचे तुकडे युनियन लावून जोडले. गीझरच्या जोडाजवळ थोडा धातूचा तुकडा ठेवला, तापलेल्या जोडाला प्लास्टिक थेट लावायचं नाही म्हणून. फक्त गरम पाण्याने बादली भरायला आधी ४ मिनिटं १० सेकंद लागायची, आता ३ मिनिटं ५ सेकंद.

उरलेला अडथळा गीझरच्या इनलेटवरच्या सेफ्टी व्हॉल्व्हचा आहे. त्यातली स्प्रिंग पाण्याला उलटं जाऊ देत नाही, आणि ती उघडी ठेवायला थोडा दाब खर्च होतो. मामा म्हणाले, काढून टाकतो. मी काढू दिला नाही. आतलं पाणी तापून दाब वाढला तर तो तिथूनच सुटतो. थोडी धार कमी चालेल, पण गीझर बंद डबा करून ठेवणार नाही.

९ फेब्रुवारी, रविवार

दोन आठवडे झाले. एकदाही धार तुटली नाही. टाकी तळाला आली की फरक कळतो, मग साडेपाच लिटरच्या आसपास येतं. त्याला एक बिनखर्ची उपाय केला. मोटर आम्ही रात्री नऊला लावायचो, आता पहाटे साडेपाचला लावतो. आंघोळीच्या वेळी टाकी भरलेली असते, म्हणजे ५० सेंटिमीटर फुकटात.

आठ इंची शॉवर पुन्हा एकदा लावून पाहिला. आता सगळ्या भोकांतून पाणी येतं, पण पावसासारखं अंगावर आदळत नाही, नुसतं गळतं. डब्यावर एक बार लिहिलंय आणि आमच्याकडे साधारण त्याचा पाचवा हिस्सा. पाइप कितीही मोठे केले तरी टाकीची उंची देते त्याहून जास्त दाब येणार नाही. ज्यांना तसाच शॉवर हवा असेल त्यांनी लाइन मोकळी करून मग टाकीजवळ लहान पंप लावावा. आम्ही तो शॉवर जाऊबाईंना दिला. त्यांच्याकडे एक मजला जास्त आहे, तिथे तो बरा चालतो.

खर्च: बॉल व्हॉल्व्ह दोन, १,३००. एक इंची सीपीव्हीसी, एल्बो, टी, सॉल्व्हंट, क्लॅम्प मिळून ३,४००. निपल आणि रिड्युसर ३८०. गीझरचे जोड ५६०. मजुरी तीन खेपांची मिळून ३,१००. कठड्याचं दुसऱ्यांदा केलेलं काम १,३००. नळी २४०. एकूण १०,२८०. गेज आणि मोठा शॉवर यांचे २,५५० यात धरलेले नाहीत.

एक काम राहिलं होतं, ते आज उरकलं. सीपीव्हीसी उन्हात उघडं राहिलं तर काही वर्षांत ठिसूळ होतं, आणि आमच्याकडे मार्चपासूनच ऊन सोसवत नाही. गच्चीवरच्या सगळ्या पाइपाला पाण्यात मिसळणारा पांढरा ॲक्रिलिक रंग दोन हात दिला. तेलरंग किंवा थिनर या पाइपाला लावायचा नाही, त्याने प्लास्टिक खराब होतं. जुनी एक इंची जीआय अजून तशीच आहे, खालच्या दोन मजल्यांसाठी. आतून तीही आमच्या फाट्यासारखीच असणार. दिराशी बोलले, पावसाळ्याआधी ती कापून बघायची आहे. नळी गुंडाळून माळ्यावर ठेवली आहे, तेव्हा लागेल.